एका पेन्सिल सेलवर ॲटमेगा आणि लोरा: चालू आहे तोवर चालतं, रीसेट झालं की उठत नाही

बेदाणा_शेड
मंडळी, तासगावजवळ आमचं बेदाण्याचं शेड आहे. आत ठिकठिकाणी आर्द्रता मोजणारे छोटे डबे टांगलेत. प्रत्येक डब्यात ॲटमेगा३२८पी (आतलंच ८ मेगाहर्ट्झचं घड्याळ), आरएफएम९५ लोरा मॉड्यूल आणि एक आर्द्रता सेन्सर. वीज एकाच अल्कलाइन पेन्सिल सेलची. त्यावर एमसीपी१६४० बूस्ट कन्व्हर्टर ३.३ व्होल्ट बनवतो. दर दहा मिनिटांनी जागं व्हायचं, पाकीट पाठवायचं, झोपायचं.

नवा सेल घातला की काही तक्रार नाही. सेल जुना झाला, मीटरवर १.२४ दाखवू लागला, तरी आधीपासून चालू असलेला डबा पुढे निवांत चालत राहतो. पण तोच डबा एकदा रीसेट झाला (वॉचडॉगने म्हणा किंवा मी सेल काढून घातला म्हणून) की मेला. आउटपुटला ३.३ ऐवजी १.४ च्या आसपास काहीतरी दिसतं आणि तिथंच अडकून बसतं. टेबलावरच्या पॉवर सप्लायवर १.१ व्होल्ट दिले तर हाच बोर्ड पटकन सुरू होतो! डेटाशीटच्या पहिल्याच पानावर ०.६५ व्होल्टला सुरू होतो असं छापलंय. मग १.२४ ला काय बिघडतं?

इंडक्टर ४.७ मायक्रोहेन्री, रंगीत पट्ट्यांचा, रेझिस्टरसारखा दिसणारा. आउटपुटला १० मायक्रोफॅरड सिरॅमिक.

जुगाडू_जयंत
सरळ केस आहे. लोरा पाकीट पाठवताना करंटचा झटका मागतो, तो तुमच्या १० मायक्रोफॅरडला पेलत नाही. आउटपुटला ४७० चा इलेक्ट्रोलिटिक टाका. आणि इंडक्टर ४.७ फार छोटा वाटतो, ४७ किंवा १०० घाला. रिपल कमी होईल, सेलवरचा ताण कमी होईल. मी मोबाईल चार्जरच्या बोर्डात असंच केलं होतं.

टॉर्चवाला
अहो, एवढा व्याप कशाला? फेराइट रिंगवर दोन वाइंडिंग, एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर. माझा एलईडी टॉर्च ०.६ व्होल्टच्या मेलेल्या सेलवर रात्रभर जळतो. घड्याळातून काढलेले सेल मी त्यातच संपवतो. सर्किट हवं असेल तर टाकतो.

ऋतुजा_फर्मवेअर
टॉर्चवाला दादा, एलईडीला ३.३ आहे की २.९ याने फरक पडत नाही, कंट्रोलरला पडतो. इथे स्थिर व्होल्टेज लागतं.

बेदाणा_शेड, दोन गोष्टी सांगा. फ्यूज काय ठेवलेत, विशेषतः ब्राउनआउट चालू आहे का? आणि `setup()` मधला कोड टाका, फक्त सुरुवातीचा भाग.

बेदाणा_शेड
ब्राउनआउट बंद आहे. तो सतत २० मायक्रोअँपच्या आसपास खातो असं वाचलं होतं, म्हणून काढला. कोड हा घ्या:

```
void setup() {
  LoRa.setPins(10, 9, 2);
  LoRa.begin(866E6);
  hello();              // "मी जिवंत आहे" पाकीट
  LoRa.setTxPower(10);
  sensorInit();
}
```

टेस्टबेंच_काका
उशिरा आलो, पण प्रश्न झकास आहे. नोकरीची बरीच वर्षं पॉवर सप्लायच्या चाचणी टेबलावर गेली, त्यामुळे "चालू आहे तोवर चालतं" हे वाक्य ओळखीचं आहे.

आधी ०.६५ चा उलगडा. तो आकडा जवळजवळ रिकाम्या आउटपुटचा आहे, लोड १ मिलिअँप. या आयसीचं सुरू होणं दोन टप्प्यांत होतं. आधी तो आतल्या स्विचमधून आउटपुट कपॅसिटर हळूहळू इनपुटच्या पातळीपर्यंत भरतो. करंट बांधलेला, साधारण १०० मिलिअँप. मग स्विचिंग सुरू होतं, पण आउटपुट १.६ व्होल्टच्या आसपास जाईपर्यंत आयसी स्वतः सेलच्याच व्होल्टेजवर जगत असतो. म्हणजे मॉस्फेटच्या गेटला जेमतेम एक व्होल्ट मिळतो. अशा गेटवर स्विच अर्धवट उघडतो, त्याचा रेझिस्टन्स जास्त राहतो, कॉइलमध्ये ऊर्जा नीट भरत नाही. १.६ ओलांडलं की आयसी आपलं पोट आउटपुटवरून भरू लागतो, गेटला ३.३ मिळतात आणि स्विच दणकट होतो. म्हणून एकदा चालू झालेला कन्व्हर्टर हलक्या लोडवर ०.३५ व्होल्टपर्यंतसुद्धा तग धरतो. पण खाली पडला तर तितक्याच सेलवर, लोड अंगावर असताना, पुन्हा उठेल याची काही खात्री नाही.

तुमचं १.४ वर अडकणं म्हणजे तो १.६ च्या उंबरठ्याच्या अलीकडे आहे आणि कोणीतरी त्याला खाली ओढून धरलंय.

दुसरं, पॉवर सप्लायवर चालतो कारण त्याला आतला रेझिस्टन्स जवळपास नाही. तुमच्या सेलला आहे. तो मोजा: मीटर होल्डरच्या तारांवर ठेवा, ४.७ ओहमचा रेझिस्टर एक-दोन सेकंद लावा, आधीचं आणि लोडखालचं व्होल्टेज लिहा. आणि त्या रंगीत कॉइलमधून १०० मिलिअँप सोडून तिच्या दोन टोकांवर किती मिलिव्होल्ट पडतात तेही बघा. नुसत्या मीटरच्या ओहम रेंजवर एवढा छोटा रेझिस्टन्स विश्वासाने दिसत नाही, तारांचाच येतो.

बेदाणा_शेड
काका, मोजलं. सेल उघडा १.२४, रेझिस्टर लावल्यावर १.०८. कॉइलवर ४२ मिलिव्होल्ट.

टेस्टबेंच_काका
मग बघा. ४.७ ओहमवर १.०८ म्हणजे ०.२३ अँप. त्यासाठी ०.१६ व्होल्ट पडले, म्हणजे सेल आणि होल्डरच्या स्प्रिंग मिळून ०.७ ओहम. कॉइल ०.४२ ओहम. एकूण १.१२ ओहम मालिकेत.

आता लोरा. या मॉड्यूलला १७ डीबीएमवर पाठवताना ८७ मिलिअँप लागतात, कंट्रोलर वगैरे धरून ९५ म्हणू. ३.३ ने गुणा, ०.३१ वॅट. कॉइल सोडून बाकीची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर सेलकडून ०.४२ वॅट हवेत. पण कुठल्याही स्रोतातून मिळणारी कमाल वॅटेज ठरलेली असते:

```
Pmax = V*V / (4*R) = 1.24*1.24 / (4*1.12) = 0.34 W
```

मागणी ०.४२, मिळणार ०.३४. गणित इथेच संपलं. शिवाय बूस्टची खोड अशी, की इनपुट खाली गेलं की तो तीच पॉवर मिळवायला जास्त करंट ओढतो. जास्त करंटने इनपुट आणखी खाली जातं. तो एकदा घसरायला लागला की मध्ये थांबत नाही, थेट तळाला जातो.

ऋतुजा_फर्मवेअर
आणि इथे कोड बसतो! काका, `hello()` हे `setTxPower(10)` च्या आधी आहे. या लायब्ररीत काही सांगितलं नाही तर पॉवर १७ धरली जाते. म्हणजे रोजची पाकिटं १० वर जातात आणि फक्त बूट झाल्यावरचं पहिलं पाकीट १७ वर.

म्हणून चालू डबा आठवडेच्या आठवडे चालतो आणि रीसेट झाला की त्याच सेलवर बसतो.

बेदाणा_शेड
बाप रे. दहावर पाठवताना मी मोजलं होतं, एकूण ५५ मिलिअँपच्या आसपास होतं.

टेस्टबेंच_काका
५५ म्हणजे ०.१८ वॅट, सेलकडून साधारण ०.२४. ०.३४ च्या आत. ऋतुजा, हे माझ्या नजरेतून सुटलं होतं, छान पकडलंस.

पण माझा अंदाज वेगळाच निघतोय. हा स्टार्टअपचा दोष नसावा. कन्व्हर्टर बहुधा नीट ३.३ पर्यंत चढतो, मग hello त्याला पाडतं, आणि पडल्यावर तो उठत नाही. स्कोप आहे का? असेल तर एक प्रोब आयसीच्या इनपुट पिनवर (सेलवर नाही, पिनवर), दुसरा आउटपुटवर. ट्रिगर इनपुटच्या चढत्या कडेवर, ०.५ व्होल्टला, सिंगल शॉट. पडद्यावर २०० मिलिसेकंद मावतील असं ठेवा. मग सेल घाला.

आउटपुट १.१ च्या आसपास थांबून १.४ च्या पुढे गेलंच नाही, तर तो सुरूच झाला नाही. ३.३ गाठून मग कोसळलं, तर सुरू झाला होता, पाडला गेला. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि मीटरवर दोन्ही १.४ च दिसतात.

जुगाडू_जयंत
बरं, पण ४७० टाकला असता तर hello च्या वेळी आउटपुट पडलंच नसतं ना? कपॅसिटरने सांभाळून घेतलं असतं.

टेस्टबेंच_काका
जयंतराव, पाकीट किती वेळ चालतं ते बघा. स्प्रेडिंग फॅक्टर ७, १२५ किलोहर्ट्झ, वीस बाइट, म्हणजे ५७ मिलिसेकंद. एकट्या ४७० मायक्रोफॅरडने ८७ मिलिअँप तेवढा वेळ द्यायचे तर तो दहा व्होल्ट खाली जाईल. आपल्याकडे आहेत तीन. ०.४ व्होल्टची घट चालेल म्हटलं तरी १२ हजार मायक्रोफॅरड लागतात. काही मायक्रोसेकंदांच्या झटक्याला कपॅसिटर उपयोगी, इतक्या लांब पाकिटाला नाही. बरं, ४७० ने नुकसानही फारसं नाही, तो भरायला पाच-दहा मिलिसेकंद जास्त जातील इतकंच. सेलच्या बाजूला, आयसीच्या अगदी जवळ, १०० मायक्रोफॅरड टाकला तर मात्र फायदा होतो, कारण होल्डरच्या तारा आणि स्प्रिंग स्विचिंगच्या करंटमधून सुटतात.

कॉइल १०० मायक्रोहेन्रीची नको. याचं आतलं कॉम्पेन्सेशन २.२ ते १० मायक्रोहेन्रीसाठी बांधलेलं आहे, ४.७ ही शिफारस. आणि तेवढ्याच आकारात जास्त हेन्री म्हणजे जास्त वेढे, बारीक तार, जास्त ओहम आणि लवकर सॅच्युरेशन. रिपल कमी करायला जाल आणि सेलच्या मार्गात दोन-तीन ओहम बसवाल. तुमच्या चार्जरला पाच व्होल्ट येत होते, तिथे ०.२ व्होल्ट पडले तर कोणाला कळत नाही. इथे एकूण भांडवलच एक व्होल्टचं आहे.

जुगाडू_जयंत
पटलं. पण मग कॉइल निवडायची कशी? बाजारात ४.७ लिहिलेल्या पन्नास प्रकारच्या मिळतात, सगळ्यांवर नुसता आकडा.

टेस्टबेंच_काका
हेन्री आयसीने ठरवून दिलेत, तिथे आपल्याला डोकं चालवायचं नाही. उरतात सॅच्युरेशनचा करंट आणि तारेचा रेझिस्टन्स.

तुमच्याच केसचं धरू. नवी कॉइल ०.०६ ओहमची घेतली तर एकूण ०.७६. १७ डीबीएमच्या पाकिटाला सेलमधून ०.४८ अँप सरासरी जाईल आणि कॉइलपलीकडे सुमारे ०.८७ व्होल्ट उरतील. ड्यूटी ७८ टक्क्यांच्या आसपास. ५०० किलोहर्ट्झवर रिपल:

```
dI = Vin*D/(f*L) = 0.87*0.78/(500e3*4.7e-6) = 0.29 A
```

शिखर म्हणजे सरासरीत निम्मा रिपल मिळवायचा, ०.६३ अँप. पण कॉइल ०.६३ साठी घेऊ नका. सुरू होताना आउटपुट रिकामं असतं, आयसी आपल्या करंट लिमिटपर्यंत ओढतो आणि ती साधारण ०.८ अँप आहे. तेव्हाच कॉइल सॅच्युरेट झाली तर तिची हेन्री गळते आणि करंट वाढतो, पण ऊर्जा साठत नाही. म्हणून सॅच्युरेशन १.२ अँप किंवा वर, रेझिस्टन्स ०.१ ओहमच्या खाली. ५ बाय ५ मिलिमीटरच्या शिल्डेड कॉइलमध्ये हे आरामात मिळतं. कॅटलॉगात करंटचे दोन आकडे असतात. एक तापण्याचा, एक सॅच्युरेशनचा. दुकानदार मोठा असेल तो सांगतो.

सॅच्युरेशन डोळ्यांनी बघायचं असेल तर इनपुट कपॅसिटर आणि कॉइल यांच्या मध्ये ०.१ ओहम घाला आणि त्यावर स्कोप लावा. सेलच्या बाजूला लावलात तर कपॅसिटर सगळं गुळगुळीत करून टाकतो. प्रोबची लांब जमिनीची तार काढून स्प्रिंग लावा, कारण सिग्नल ५०-६० मिलिव्होल्टचाच आहे. चढती रेघ सरळ असेल तर ठीक. शेवटी अचानक वर वळली तर कॉइल संपली.

बेदाणा_शेड
स्कोप कॉलेजातून आणला. काका, तुमचंच बरोबर. आउटपुट १.१ ला क्षणभर थांबतं, मग वीसेक मिलिसेकंदांत ३.३. तिथे थोडा वेळ सपाट. मग कोसळतं आणि १.४ वर बसतं. इनपुट पिन तेव्हा अर्ध्या व्होल्टच्या खाली.

एक कळलं नाही. hello चं पाकीट ५७ मिलिसेकंदांत संपायला हवं. मग लोड गेल्यावर परत का चढत नाही?

ऋतुजा_फर्मवेअर
कारण पाकीट संपतच नाही. १.८ च्या खाली लोराच्या चिपची हमी नाही, ८ मेगाहर्ट्झवर ॲटमेगाला तर साधारण २.४ हवेत. ब्राउनआउट बंद असल्याने कंट्रोलर रीसेट होत नाही, भरकटतो. रेडिओला "थांब" म्हणणारं कोणी उरत नाही. तो अर्धवट अवस्थेत करंट खात राहतो आणि तोच कन्व्हर्टरला १.६ च्या अलीकडे धरून ठेवतो. वॉचडॉगसुद्धा अशा व्होल्टेजवर भरवशाचा नाही. वर इइप्रॉम खराब होण्याची भीती वेगळी, तुमचे कॅलिब्रेशनचे आकडे त्यातच असतील तर जपा.

ब्राउनआउट २.७ ला चालू करा:

```
avrdude -c usbasp -p m328p -U efuse:w:0xFD:m
```

वीस मायक्रोअँपची काळजी असेल तर ३२८पी मध्ये झोपेपुरता तो कोडमधून बंद करता येतो:

```
set_sleep_mode(SLEEP_MODE_PWR_DOWN);
cli();
sleep_enable();
sleep_bod_disable();
sei();
sleep_cpu();
```

`sleep_bod_disable()` आणि `sleep_cpu()` यांच्यामध्ये `sei()` सोडून काही घालू नका, ती सवलत मोजक्या क्लॉकपुरतीच असते. आणि hello च्या आधी `setTxPower(10)`.

डब्लिनहून_मी
मध्येच बोलतो. पॉवर आणखी कमी करायची तर १३ डीबीएमला फक्त २९ मिलिअँप लागतात असं डेटाशीटमध्ये आहे. मग १० वर ५५ कसे येतात? मोजण्यात चूक?

ऋतुजा_फर्मवेअर
चूक नाही. २९ चा आकडा चिपच्या दुसऱ्या आउटपुट पिनचा आहे. आरएफएम९५ वर अँटेनाला पीए बूस्ट नावाचीच पिन जोडलेली असते, तिथे कमी पॉवरलाही करंट त्या मानाने जास्तच जातो.

डब्लिनहून_मी
अच्छा. पण मुळात दोन सेल का नाही घेत? दोन सेल मालिकेत म्हणजे निम्मा करंट, हा सगळा गुंता उरत नाही. नाहीतर लिथियमचे १.५ व्होल्टवाले पेन्सिल सेल घ्या, त्यांचा आतला रेझिस्टन्स संपत आला तरी फार वाढत नाही.

बेदाणा_शेड
डबे छापून झालेत, आत एकाच सेलची जागा आहे. लिथियमची किंमत डब्यागणिक परवडत नाही. शेडवर काम करणारी माणसं गावातल्या दुकानातून मिळेल तो सेल घालतात, हेही आहे.

टेस्टबेंच_काका
त्यांचा मुद्दा खोटा नाही, पण आहे त्यात बघू. चाचणी अशी करा: पॉवर सप्लाय १.१ व्होल्ट, त्याच्या पुढे १ ओहमचा रेझिस्टर, मग बोर्ड. हा तुमचा कायमचा जुना सेल, रोज सारखाच. तार झटक्यात जोडून बघा आणि सप्लायचं बटण शून्यातून अगदी हळू फिरवूनही बघा. हळू चढताना कन्व्हर्टर सगळ्यात कमी व्होल्टेजवर उठायचा प्रयत्न करतो, खरी परीक्षा तीच. आउटपुटला नुसता रेझिस्टर लावून समाधान मानू नका. ४७ ओहम ३.३ ला ७० मिलिअँप घेतो, पण १.१ ला फक्त २३. उठताना तो दया दाखवतो, तुमचा रेडिओ दाखवत नाही.

बेदाणा_शेड
अपडेट. कॉइल बदलली (शिल्डेड, मोजून ०.०६ ओहम), कोडच्या ओळी वरखाली केल्या, ब्राउनआउट २.७ ला. १.१ व्होल्ट आणि १ ओहमवर झटक्याने उठतो, हळू चढवूनही उठतो. गंमत म्हणून hello पुन्हा १७ वर ठेवून तो १.२४ वाला सेल घातला, नव्या कॉइलवर तेही गेलं! पण सकाळी शेडमध्ये गारठा असताना त्याच सेलवर पडलं. या वेळी मात्र अडकलं नाही. ब्राउनआउटने रीसेट होतं, परत चढतं, hello, परत पडतं, असं चक्र चालू राहतं.

टेस्टबेंच_काका
अपेक्षितच. ०.७६ ओहमला कमाल ०.५१ वॅट मिळत होते, मागणी ०.४२. थंडीत अल्कलाइनचा रेझिस्टन्स वाढतो. सेल १ ओहमचा झाला की ०.३६ च उरतात. दहावर ठेवलंत तर अजून जागा आहे.

ते चक्र मात्र वाईट. रात्रभर चाललं तर सेल त्यातच संपेल. मी असतो तर रेडिओच्या वाटेत एक पी-चॅनल मॉस्फेट घातला असता, कंट्रोलर सांगेल तेव्हाच रेडिओला वीज, आणि ३.३ च्या रेषेवर २.९ चा रीसेट आयसी.

ऋतुजा_फर्मवेअर
काका, त्याला हार्डवेअर कशाला? बूट झाल्यावर `MCUSR` वाचायचं. `BORF` दिसला तर hello पाठवायचंच नाही, थेट दहा मिनिटं झोपायचं. शिवाय पाठवण्याआधी आतल्या १.१ व्होल्टच्या रेफरन्सवरून व्हीसीसी मोजता येतं.

टेस्टबेंच_काका
व्हीसीसी पडेपर्यंत ३.३ च दिसणार, कन्व्हर्टरचं कामच ते आहे. मोजायचा तर सेल मोज, तोही लोड असताना. आणि `MCUSR` बूटलोडर पुसून टाकत असेल तर?

ऋतुजा_फर्मवेअर
यूएसबीएएसपीने थेट भरतायत, बूटलोडर नसावा. सेल एडीसीवर घ्यायचं मान्य. मॉस्फेट अजूनही मला जास्तीचा वाटतो.

बेदाणा_शेड
बूटलोडर नाही. एका डब्यात काकांचा मॉस्फेट आणि एकात ऋतुजाचा कोड घालून दोन्ही दाराजवळच्या गार कोपऱ्यात टांगतो, सेल एकाच पाकिटातले. काका, मॉस्फेट बंद असताना एसपीआयच्या पिनांमधून रेडिओला चोरून वीज जाईल का? त्या पिना लो करून झोपवायच्या की इनपुट ठेवायच्या?

टॉर्चवाला
ते १.२४ वाले सेल फेकू नका हो, मला द्या.